टॅगलाइन आणि माहितीपत्रक मराठीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी टॅगलाइन आणि माहितीपत्रकाचा मजकूर मराठीत आणणारे लेखक आणि त्यांना हे काम सोपवणाऱ्या कंपन्या यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरे एकाच उदाहरणाच्या आधाराने दिली आहेत. फोमच्या गाद्या विकणारी एक काल्पनिक कंपनी आहे आणि तिची टॅगलाइन ‘स्लीप बेटर. लिव्ह बेटर.’ अशी आहे, असे येथे धरले आहे.

१. भाषांतर आणि रूपांतर यांत नेमका फरक काय?

भाषांतरात मूळ मजकूर काय म्हणतो हे सांभाळायचे असते, तर रूपांतरात तो मजकूर वाचणाऱ्याकडून काय करवून घेऊ पाहतो हे सांभाळायचे असते. गादीचे माहितीपत्रक वाचून माणसाने दुकानात जाऊन गादीवर बसून पाहावे, अशी कंपनीची अपेक्षा असेल, तर मराठी मजकूर वाचूनही त्याला तेच करावेसे वाटले पाहिजे, मग वाक्ये, प्रतिमा आणि त्यांचा क्रम बदलला तरी चालेल. जाहिरात व्यवसायात याला ट्रान्सक्रिएशन असेही म्हणतात. मात्र रूपांतराची मोकळीक संपूर्ण मजकुराला सारखी नसते. टॅगलाइन आणि शीर्षके जवळजवळ नव्याने लिहावी लागतात, मधला मजकूर बराचसा नव्याने लिहावा लागतो, आणि मापे, वॉरंटीच्या अटी व वापराच्या सूचना मात्र काटेकोर भाषांतरानेच आणाव्या लागतात.

२. काम सुरू करण्यापूर्वी कंपनीकडून काय मागून घ्यावे?

केवळ इंग्रजी मजकूर मिळाला तर काम अंदाजाने होते. म्हणून चार गोष्टी लेखी मागाव्यात: हा मजकूर कोणासाठी आहे, वाचल्यावर त्या व्यक्तीने काय करावे अशी अपेक्षा आहे, टॅगलाइनमधला कोणता अर्थ कोणत्याही परिस्थितीत सुटू नये, आणि मजकूर कोठे छापला किंवा ऐकवला जाणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते. गादी कंपनीने ‘चांगल्या झोपेचा परिणाम दिवसावर दिसतो, हे नाते सुटता कामा नये’ असे कळवले, तर लेखकाला कसोटी मिळते. ‘ब्रँडचा आत्मा जपा’ एवढेच उत्तर आले, तर पुन्हा विचारणे योग्य, कारण अशा वाक्यावरून एका मसुद्यापेक्षा दुसरा सरस का, हे ठरवता येत नाही.

याशिवाय उत्पादनाचे तांत्रिक माहितीपत्रही मागावे. त्याचा उपयोग प्रश्न ६ मध्ये दिसेल.

३. टॅगलाइन मराठीत कशी आणायची? एखादे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

‘स्लीप बेटर. लिव्ह बेटर.’ या ओळीचे बळ तीन गोष्टींत आहे. एकच शब्द दोनदा येतो, दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे आहेत, आणि पहिल्यामुळे दुसरे घडते हे न सांगता कळते. शब्दशः भाषांतर ‘चांगले झोपा. चांगले जगा.’ असे होईल. त्यात पुनरावृत्ती टिकते, पण बाकीचे बिघडते. ‘चांगले जगा’ हा मराठी कानाला वर्तनाविषयीचा उपदेश वाटतो. ‘झोपा’ ही थेट आज्ञा आहेच, शिवाय ‘झोपा काढणे’ या वाक्प्रचारामुळे तिला निष्काळजीपणाची छटाही चिकटते. इंग्रजीत तुलना एका शब्दात बसते. मराठीत ‘अधिक चांगले’ असे दोन शब्द वापरावे लागतात आणि ओळ जड होते.

म्हणून शब्द बाजूला ठेवून कंपनीने सांगितलेले नाते घ्यावे: रात्र चांगली गेली की दिवस चांगला जातो. आता या नात्याला मराठीतला कोणता साचा शोभतो ते पाहावे. मराठी म्हणी आणि लोकांच्या तोंडी बसलेल्या घोषणा पुष्कळदा क्रियापद गाळून दोन भागांचा तोल साधतात. ‘अति तिथे माती’ आणि ‘गाव तिथे एसटी’ या दोन्हींत एकही क्रियापद नाही आणि त्याची उणीवही जाणवत नाही. या साच्यात काही मसुदे करून पाहू.

‘झोप शांत, आयुष्य निवांत’ यात यमक सहज जुळले आहे, पण अर्थ घसरला आहे. निवांत आयुष्य म्हटले की निवृत्तीनंतरचे दिवस डोळ्यांपुढे येतात, आणि नोकरी-व्यवसायात गुंतलेल्या तरुण ग्राहकाला हे वचन नको असते.

‘गाढ झोप, नवा जोम’ ही ओळ आखूड आणि ठसठशीत आहे, पण ‘जोम’ हा शब्द पिकाच्या आणि शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींत इतका रुळला आहे की गादीऐवजी तेच आठवते.

‘रात्रभर निवांत, दिवसभर टवटवीत’ हा मसुदा टिकतो. ‘बेटर’च्या पुनरावृत्तीचे काम येथे ‘भर’ करतो, दोन्ही तुकडे ‘त’वर संपतात, आणि रात्र व दिवस शेजारी ठेवल्याने कारण आणि परिणाम आपोआप लक्षात येतात. आज्ञा नाही, त्यामुळे उपदेशाचा सूर नाही. ‘निवांत’ आणि ‘टवटवीत’ ही दोन्ही विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत, म्हणून वाचक स्त्री असो वा पुरुष, ओळ तशीच राहते. ‘ताजातवाना’ किंवा ‘ताजीतवानी’ वापरले असते तर ही सोय गेली असती.

या मसुद्यात काही गमावलेही आहे. मूळ ओळीत संपूर्ण जगण्याचा उल्लेख आहे आणि मराठीत तो एका दिवसापुरता झाला आहे. माझ्या मते हा सौदा योग्य आहे, कारण दिवसाचे वचन वाचकाला पडताळता येते; परंतु ही घट कंपनीला लेखी कळवलीच पाहिजे (प्रश्न ९ पाहा).

४. टॅगलाइनमध्ये यमक असलेच पाहिजे का?

नाही. यमकामुळे ओळ लक्षात राहते, पण यमकासाठी अर्थ वाकवला तर नको तेच लक्षात राहते, हे वरच्या पहिल्या मसुद्यात दिसते. बँक, विमा किंवा रुग्णालय यांच्या बाबतीत सहज यमक पोरकट वाटण्याचा धोका जास्त असतो. तेथे दोन तुकड्यांचा तोल किंवा एखाद्या अक्षराची हलकी आवर्तने पुरेशी होतात.

५. वाचकाला ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आपण’? आणि वाचक स्त्री की पुरुष हे माहीत नसताना क्रियापदे कशी लिहावीत?

घरगुती उत्पादनांच्या माहितीपत्रकात ‘तुम्ही’ बहुतेक वेळा योग्य ठरते. त्यात आदर आहे आणि जवळीकही आहे. ‘आपण’ अधिक औपचारिक आहे, पण त्याची अडचण औपचारिकपणाची नसून संदिग्धतेची आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, तसेच बोलणारा आणि ऐकणारा मिळून आपण सर्व. ‘आपण दिवसातील मोठा काळ झोपेत घालवतो’ या वाक्यात सर्वजण येतात, आणि त्याच पानावर ‘आपण आमच्या दालनास भेट द्यावी’ असे आले की वाचक क्षणभर अडखळतो. म्हणून वाचकाला ‘तुम्ही’ म्हणावे आणि ‘आपण’ हा शब्द सर्वांना सामावून घेण्यासाठी राखून ठेवावा. एक निवड केली की ती शीर्षकापासून तळटिपेपर्यंत पाळावी. एका पानावर ‘भेट द्या’ आणि दुसऱ्यावर ‘भेट द्यावी’ असे झाले, तर दोन वेगळ्या लोकांनी मजकूर लिहिल्यासारखे वाटते.

लिंगाचा प्रश्न वाक्याची रचना बदलून सुटतो. ‘तुम्ही थकलेले उठता का?’ हे वाक्य स्त्री वाचकाला वगळते आणि ‘थकलेले/थकलेल्या’ अशी तिरकी रेघ मन वळवण्याच्या मजकुरात वाईट दिसते. ‘सकाळी उठल्यावर थकवा जाणवतो का?’ असे लिहिले की क्रियापद थकव्याशी जुळते आणि वाचकाच्या लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

६. माहितीपत्रकातला परिच्छेद कसा बदलायचा?

समजा, इंग्रजी परिच्छेदाचे शब्दशः भाषांतर असे झाले आहे: ‘निद्राहीन रात्रींना निरोप द्या. आमचा क्रांतिकारी त्रिस्तरीय फोम तुमच्या शरीराच्या अद्वितीय वळणांशी जुळवून घेतो आणि तुम्हाला तो आधार देतो ज्याचे तुम्ही हकदार आहात.’ व्याकरण जवळजवळ बरोबर आहे, तरी असे कोणी मराठी माणूस लिहिणार नाही. निरोप माणसांना दिला जातो, रात्रींना नव्हे. ‘ज्याचे तुम्ही हकदार आहात’ ही रचना इंग्रजी वाक्याच्या शेपटासारखी मागे लटकते, शिवाय ‘हकदार’ म्हटले की वाचकाला हक्काचा दावा आठवतो. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की ‘क्रांतिकारी’ व ‘अद्वितीय’ हे शब्द काहीच सांगत नाहीत. इंग्रजी जाहिरातीत असे शब्द नुसते पार्श्वभूमीला राहतात. मराठीत संस्कृत प्रतिशब्द घातले की ते पुढे येऊन उभे राहतात आणि वाचकाला शंका येऊ लागते.

आता परिच्छेदाचा हेतू पाहू. पहिले वाक्य वाचकाला त्याची अडचण आठवून देते. दुसरे वाक्य ती अडचण का सुटेल ते सांगते, आणि शेवटचा तुकडा त्याला महत्त्व देतो. अडचणीसाठी मराठीत नेमके चित्र आहे: कूस बदलत राहणे. ‘का सुटेल’ यासाठी तांत्रिक माहितीपत्र उघडावे. त्यात तिन्ही थरांचे काम दिलेले आहे असे धरले, तर मजकूर असा होईल:

‘कूस बदलत रात्र काढावी लागते का? या गादीत फोमचे तीन थर आहेत. वरचा मऊ थर खांदा आणि कंबर टेकते तेथे हवा तेवढाच दबतो. मधला थर पाठीला आधार देतो. खालचा घट्ट थर गादीचा आकार टिकवून ठेवतो. दुकानात या, आडवे होऊन पाहा, आणि मगच ठरवा.’

‘क्रांतिकारी’ गेले आणि त्याच्या जागी तीन थरांचे काम आले. वाक्ये लहान झाली, कारण मराठीत क्रियापद शेवटी येते आणि लांब वाक्यात ते येईपर्यंत वाचक मूळ मुद्दा विसरतो. ‘हकदार’ या शब्दातून वाचकाला द्यायचे असलेले महत्त्व ‘मगच ठरवा’ यात आले आहे: निर्णय त्याचा आहे, हे त्याला सांगितले आहे. ‘दबतो’ आणि ‘टेकते’ ही क्रियापदे अंगाला जाणवणारी आहेत. मन वळवणाऱ्या मराठी मजकुरात विशेषणांपेक्षा अशी क्रियापदे अधिक काम करतात.

७. इतका बदल करताना नवा दावा शिरला तर?

तो काढावाच लागतो. रूपांतरात शब्द बदलण्याची मुभा आहे, वस्तुस्थिती वाढवण्याची नाही. वरच्या परिच्छेदात ‘कंबरदुखी थांबते’ असे लिहिण्याचा मोह होतो, कारण ते मराठीत अगदी सहज बसते. पण मूळ मजकुरात फक्त आधाराचा उल्लेख आहे, आणि दुखणे थांबण्याचा दावा हा आरोग्याविषयीचा दावा आहे, ज्याचा पुरावा कंपनीकडे असायला हवा. तपासणीची सोपी रीत अशी: मराठी मजकुरातले प्रत्येक विधान अधोरेखित करावे आणि ते मूळ मजकुरात किंवा तांत्रिक माहितीपत्रात कोठे आहे ते समासात लिहावे. ज्याच्या समोर काहीच लिहिता येत नाही, ते विधान गाळावे किंवा कंपनीकडून लेखी मान्य करून घ्यावे.

उलट प्रकारही घडतो. मूळ मजकुरात ‘मदत होऊ शकते’ असा सावध शब्द असतो आणि मराठीत ओघवते करताना तो ‘मदत होते’ असा ठाम होतो. हा बदल डोळ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून ‘शकते’, ‘पर्यंत’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द मूळ मजकुराशी वेगळे ताडून पाहावेत.

८. आम्हाला मूळ म्हणून हिंदी मजकूर दिला आहे. त्यावरून मराठी करणे सोपे नाही का?

वेगवान आहे, सोपे नाही. लिपी एक असल्यामुळे हिंदी शब्द न बदलताच मराठीत उतरतात आणि त्यांचा अर्थ मात्र बदललेला असतो. हिंदीतील ‘चैन की नींद’ म्हणजे शांत झोप. मराठीत चैन म्हणजे मौज आणि उधळपट्टी, म्हणून ‘चैनीची झोप’ वाचून वाचकाला गादी म्हणजे अनाठायी खर्च वाटू शकतो, जे विकणाऱ्याच्या हेतूच्या अगदी विरुद्ध आहे. शिवाय हिंदी मजकूर हे स्वतःच एक रूपांतर असते, आणि त्यात मूळ ओळीतले काय सुटले हे त्यावरून कळत नाही. इंग्रजी मजकूर आणि प्रश्न २ मधली उत्तरे मागून घ्यावीत. हिंदी मजकूर फक्त संदर्भासाठी शेजारी ठेवावा.

९. निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला मराठी येत नाही. मसुदा कसा सादर करावा?

अशा व्यक्तीला बहुधा मराठीवरून इंग्रजीत केलेले उलट भाषांतर दाखवले जाते आणि तेथेच गोंधळ होतो. ‘रात्रभर निवांत, दिवसभर टवटवीत’ याचे उलट भाषांतर सपाट दिसते आणि ‘मूळ ओळ कोठे गेली?’ असा प्रश्न येतो. दुसरीकडे ‘चांगले झोपा. चांगले जगा.’ याचे उलट भाषांतर मूळ ओळीशी तंतोतंत जुळते आणि सर्वांत कमकुवत मसुदा सर्वांत विश्वासू ठरतो.

म्हणून उलट भाषांतर एकटे पाठवू नये. प्रत्येक मसुद्याखाली तीन वाक्ये असावीत: मराठी वाचकाला यातून काय ऐकू येते, मूळ हेतूतले काय टिकले आणि कशाने टिकले, आणि काय सुटले. तीन मसुदे पुरेसे असतात. आपला पसंतीचा मसुदा कोणता हे स्पष्ट सांगावे, कारण मराठी न येणाऱ्या व्यक्तीवर ती निवड सोडणे हे लेखकाचे काम तिच्यावर ढकलण्यासारखे आहे. मसुदा ध्वनिमुद्रित करून पाठवला तर उत्तम. लय भाषा न कळणाऱ्यालाही ऐकू येते.

१०. छपाईपूर्वी मजकुराची चाचणी कशी घ्यावी?

ज्यांनी इंग्रजी मजकूर पाहिलेला नाही अशा काही मराठी वाचकांना टॅगलाइन चित्राशिवाय वाचून दाखवावी. ‘आवडली का?’ असे विचारू नये, कारण बहुतेक लोक शिष्टाचार म्हणून होकार देतात. ‘हे काय विकत असतील?’ आणि ‘ते तुम्हाला कसले वचन देत आहेत?’ असे विचारावे. टवटवीत या शब्दावरून बहुतेकांनी चेहऱ्याचे क्रीम सांगितले, तर टॅगलाइन गादीच्या चित्राशिवाय कधीच वापरू नये, किंवा बदलावी. दुसऱ्या दिवशी तीच ओळ आठवून म्हणायला सांगावी. लोक जो शब्द बदलून म्हणतात, तो पुष्कळदा ओळीतला सर्वांत कच्चा शब्द असतो, आणि कधी कधी त्यांनी घातलेला शब्दच अधिक चांगला असतो.

११. मजकूर चांगला होता, पण छापून आल्यावर अक्षरे बिघडली. हे कसे टाळावे?

ही तक्रार फार वेळा येते आणि कारणे ठरावीक असतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. युनिकोड मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाकला तर निरर्थक चिन्हे दिसतात. शीर्षकातल्या अक्षरांमधले अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते. इंग्रजी शीर्षकाला असे अंतर शोभते म्हणून मांडणीकार ते मराठीलाही देतात. मात्रा वर आणि उकार खाली येत असल्यामुळे मराठी ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते. शेवटी ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ रफार होऊन ‘दुसर्या’ झालेला नाही ना, हे खास पाहावे. अंतिम पीडीएफ मराठी वाचणाऱ्या व्यक्तीने तपासल्याशिवाय छपाईस देऊ नये.

१२. ब्रँडच्या नावाला ‘चा, ला, ने’ जोडावे का?

नाव देवनागरीत असेल तर प्रत्यय न तोडता जोडावा, पण नावाचे सामान्यरूप करू नये, कारण त्यामुळे नावाचे स्पेलिंग बदलते. नाव रोमन लिपीतल्या बोधचिन्हाच्या रूपातच छापायचे असेल, तर त्याच्यापुढे ‘गादी’सारखे सामान्य नाम ठेवावे आणि प्रत्यय त्या नामाला लावावा.

१३. तळटिपा आणि अटी इंग्रजीतच ठेवल्या तर चालतील का?

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार अस्वीकृतीची टीप जाहिरातीतल्या दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे. दावा मराठीत आणि ‘अटी लागू’चा तपशील इंग्रजीत, ही प्रथा त्यात बसत नाही. टिपेने दाव्याचा खुलासा करता येतो, पण दिशाभूल करणारा दावा टिपेने दुरुस्त करता येत नाही. भाषांतर करताना एक शब्द जपावा: ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ या दोन्हींना सरसकट ‘हमी’ म्हणू नये. कंपनी वॉरंटी देत असेल तर ‘वॉरंटी’ असेच लिहावे.

१४. टॅगलाइन मूळ भाषेतच ठेवणे कधी योग्य? आणि नव्या मराठी ओळीला कायदेशीर संरक्षण मिळते का?

ओळ स्वतःच ब्रँडची ओळख झाली असेल आणि तिचा अर्थ कळण्यापेक्षा ती ओळखू येणे महत्त्वाचे असेल, तर तिला हात लावू नये. भारतीय आयुर्विमा महामंडळाचे ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे गीतेतले संस्कृत वचन याचे उत्तम उदाहरण आहे. ते कोणत्याही प्रादेशिक भाषेत बदलले जात नाही. अशा वेळी मूळ ओळ कायम ठेवून तिच्याखाली मराठीत स्वतंत्र सहाय्यक ओळ लिहावी. इंग्रजी ओळ नुसती देवनागरीत लिहिणे हा मधला मार्ग मला सहसा पटत नाही, कारण ज्याला इंग्रजी येते त्याला ती वाचायला अवघड जाते आणि ज्याला येत नाही त्याला ती कळत नाही.

संरक्षणाविषयी: इंग्रजी टॅगलाइन व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेली असली तरी ‘रात्रभर निवांत, दिवसभर टवटवीत’ ही वेगळी शब्दरचना आहे आणि तिच्यासाठी व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो, गाद्यांचा वर्ग २० आहे. अर्जापूर्वी त्या वर्गात मिळतीजुळती ओळ आधीच नोंदलेली नाही ना, याचा शोध घ्यावा, आणि हा शोध चाचणीच्या (प्रश्न १०) आधी उरकावा, म्हणजे वापरताच येणार नाही अशा ओळीवर वाचकांचा आणि लेखकाचा वेळ खर्च होत नाही. इंग्रजी ओळीवरचे नोंदणीचिन्ह मराठी ओळीवर तसेच उचलून ठेवू नये. नोंदणी होईपर्यंत ती ओळ चिन्हाशिवायच छापावी.